एन्झाइमचं द्रावण पुन्हा पुन्हा गढूळ होतंय, क्रिया जातेय: प्रथिनाची कोणती पातळी तुटली ते शोधायचं कसं

प्रथिन शुद्ध करून ठेवलं, चार दिवसांनी वापरायला काढलं आणि ते चालत नाही. अशा वेळी "डीनेचर झालं" म्हणून बाटली टाकून दिली जाते, नवं द्रावण बनवलं जातं आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा घडतं. खरं तर डीनेचर झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे तपासल्याशिवाय तो दोष थांबत नाही. प्रथिनाच्या रचनेच्या चार पातळ्या आहेत, प्रत्येक पातळी वेगळ्या बंधांनी धरलेली आहे आणि प्रत्येक बंधाचा शत्रू वेगळा आहे. कोणती पातळी गेली हे कळलं की कारण बहुतेक वेळा आपोआप समोर येतं.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- स्वच्छ द्रावण दुधाळ झालंय, किंवा तळाशी पांढरा गाळ बसलाय.
- द्रावण दिसायला स्वच्छ आहे, प्रथिनाचं प्रमाणही भरतंय, पण एन्झाइमची क्रिया निम्म्याहून कमी आहे.
- गोठवून वितळवलं की दर वेळी क्रिया आणखी घटते.
- आम्ल घातल्यावर काही झालं नाही, पण पीएच परत ७ वर आणताना एकदम गुठळ्या झाल्या.
- २८० नॅनोमीटरचं वाचन विनाकारण वाढलंय.

दुसरं लक्षण सगळ्यांत जास्त फसवतं. गढूळपणा नाही म्हणजे प्रथिन ठीक आहे, असं मुळीच नाही.

तपासणीआधी एवढं डोक्यात ठेवा

प्राथमिक रचना म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम. तो पेप्टाइड बंधांनी बांधलेला असतो आणि हे सहसंयुज बंध भलतेच चिवट असतात. प्रयोगशाळेत प्रथिनाची अमिनो आम्लं सुटी करायची असतील तर ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, हवाबंद नळीत, ११० अंशांवर सुमारे २४ तास ठेवावं लागतं. म्हणजे तुमच्या बाटलीत चुकून पीएच ४ झाला किंवा ती तासभर ५० अंशांवर राहिली, तर पेप्टाइड बंधांना काहीही होत नाही. साखळी शाबूत असते, ती फक्त उलगडलेली असते.

द्वितीयक रचना म्हणजे त्याच साखळीचे अल्फा हेलिक्स आणि बीटा शीट. ही रचना साखळीच्या कण्यातल्या हायड्रोजन बंधांवर उभी असते. अल्फा हेलिक्समध्ये एका अमिनो आम्लाचा ऑक्सिजन पुढच्या चौथ्या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवरच्या हायड्रोजनला धरतो.

तृतीयक रचना म्हणजे पूर्ण साखळीची त्रिमितीय घडी. इथे चार प्रकारची पकड एकत्र येते: तेलकट बाजूसाखळ्या पाण्यापासून पळून आत दडतात, विरुद्ध भाराचे गट एकमेकांना ओढतात, बाजूसाखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध होतात आणि काही प्रथिनांत दोन सिस्टीनमध्ये डायसल्फाइड पूल असतो. यातला फक्त पूल सहसंयुज आहे, बाकी सगळे कच्चे धागे.

चतुर्थक रचना सगळ्या प्रथिनांत नसते. जिथे आहे तिथे दोन किंवा जास्त साखळ्या एकमेकींना चिकटून एक काम करणारं यंत्र बनवतात, आणि ही पकडही बहुतेक वेळा त्याच कच्च्या धाग्यांची असते. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं आहे. स्नायूतलं लॅक्टेट डीहायड्रोजनेजही चार साखळ्यांचं, प्रत्येकी साधारण ३५ किलोडाल्टन, मिळून १४०.

आता मुख्य गोष्ट. एखादं प्रथिन घडी घातलेल्या अवस्थेत राहतं ते उलगडलेल्या अवस्थेपेक्षा जेमतेम २० ते ६० किलोज्यूल प्रति मोल इतक्याच फायद्यावर. शेकडो कच्चे धागे घडीच्या बाजूने ओढतात आणि साखळीची मोकळं होण्याची ओढ जवळजवळ तेवढ्याच जोराने विरुद्ध खेचते. उरते ती ही छोटीशी शिल्लक. उष्णता किंवा आम्लाला सगळे बंध तोडावे लागत नाहीत, ही शिल्लक संपवली की पुरे. म्हणून प्रथिनं हळूहळू मऊ होत नाहीत, एका अरुंद टप्प्यात कोसळतात.

तपासणी १: दोष प्रथिनात आहे की मोजमापात?

फुकट आणि पाच मिनिटांची तपासणी, म्हणून सगळ्यांत आधी. खात्रीचं चांगलं एन्झाइम त्याच अभिकर्मकांत टाकून पाहा. तेही मंद चाललं तर तुमच्या प्रथिनाला दोष देऊ नका. एनएडीएचचं जुनं द्रावण हा नेहमीचा गुन्हेगार आहे. आम्लात ते लवकर मोडतं, त्यामुळे आम्लाच्या दोषाचा शोध घेताना ते हमखास दिशाभूल करतं.

तपासणी २: फिरवून पाहा, मग गाळ विरघळतो का ते पाहा

५०० मायक्रोलिटर द्रावण ४ अंशांवर, साधारण १५,००० जी वेगाने १० मिनिटं फिरवा. वरचं द्रावण वेगळं काढा आणि त्यात प्रथिन किती, क्रिया किती हे मोजा. मोजताना २८० सोबत ३४० नॅनोमीटरचंही वाचन घ्या. प्रथिन ३४० ला प्रकाश शोषत नाही, तिथे आकडा दिसला तर तो विखुरलेल्या प्रकाशाचा आहे आणि २८० चं वाचन त्याहूनही जास्त फुगलेलं आहे, कारण कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो. वाढलेल्या वाचनाचं कोडं बहुतेक इथेच सुटतं. तुमच्या प्रथिनात हीमसारखा रंगीत घटक असेल तर मात्र हा नियम लागू नाही.

आता गाळ. तो टाकू नका. सगळ्यांत जास्त गैरसमज या टप्प्यावर होतात, कारण गाळ बसणं आणि डीनेचर होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. प्रत्येक प्रथिनाला एक समविद्युत बिंदू असतो, म्हणजे ज्या पीएचला त्याच्यावरचे धन आणि ऋण भार समान होतात. तिथे रेणू एकमेकांना दूर ढकलत नाहीत, जवळ येतात आणि खाली बसतात. दुधातलं केसीन पीएच ४.६ ला असंच बसतं. त्यात घडी मोडण्याचा प्रश्नच फारसा येत नाही, कारण केसीनला पक्की तृतीयक घडी मुळात नसतेच. अमोनियम सल्फेट घातल्यावर बसणारा गाळही असाच असतो. उलट त्या गाळात प्रथिन जास्त टिकतं.

म्हणून गाळावर समविद्युत बिंदूपासून किमान दोन अंक दूर असलेल्या पीएचचं थंड बफर घाला, त्यात १५० मिलिमोलर मीठ असू द्या, हलक्या हाताने ढवळा आणि अर्धा तास बर्फावर ठेवा. गाळ विरघळला आणि क्रिया परत आली, तर डीनेचर झालंच नव्हतं. तुमचं बफर समविद्युत बिंदूच्या फार जवळ आहे. बफर बदला, काम झालं. विरघळला नाही, तर साखळ्या उलगडून एकमेकींत अडकल्या आहेत, पुढे चला.

तपासणी ३: पीएच, पण ज्या तापमानाला प्रथिन राहतं त्या तापमानाला

बाटलीवर ८.० लिहिलंय म्हणून आत ८.० आहे असं नाही. ट्रिस बफरचा पीएच तापमान दर अंशाने वाढला की साधारण ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ८.० ला जमवलेलं ट्रिस ४ अंशांवर ८.६ च्या घरात असतं, ३७ अंशांवर ७.७ च्या आसपास आणि ६० अंशांवर ७.० च्या जवळ. उष्णतेचा प्रयोग ट्रिसमध्ये केला तर तुम्ही एकाच वेळी आम्लाचाही प्रयोग करत असता. फॉस्फेटमध्ये हा बदल दहापट कमी आहे. तेव्हा एक थेंब पीएच पट्टीवर टाकून अंदाज घ्या, शंका आली तर त्या तापमानाला जुळवलेल्या मीटरने मोजा.

आम्ल नेमकं करतं काय? ते धागे कापत नाही, भार बदलतं. अॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या बाजूसाखळ्या पीएच ७ ला ऋणभारित असतात. पीएच साधारण ४ पर्यंत आला की त्यांतल्या निम्म्या हायड्रोजन आयन पकडून भारहीन होतात. त्याआधी, ६ च्या आसपास, हिस्टिडीन धनभारित व्हायला लागतो. लायसिन आणि आर्जिनिन तर आधीपासूनच धन असतात. म्हणजे आयनिक बंधातला ऋण जोडीदार नाहीसा झाला आणि धन जोडीदार तिथेच राहिला. पीएच २ ला सगळी साखळी धनभारित होते, तिचे भाग एकमेकांना ढकलतात आणि ती २० ते ६० किलोज्यूलची शिल्लक संपते. घडी उघडते. चार साखळ्यांची प्रथिनं तर त्याआधीच सुटी होतात, कारण साखळ्यांमधले जोडही याच भारांवर अवलंबून असतात.

याच कारणाने पीएच २ चं द्रावण अनेकदा अगदी स्वच्छ दिसतं. उलगडलेल्या साखळ्या धनभारामुळे एकमेकींपासून लांब राहतात. तुम्ही ते पीएच ७ कडे आणता तेव्हा वाटेत समविद्युत बिंदू लागतो, ढकलणारा भार संपतो, साखळ्यांचे उघडे पडलेले तेलकट भाग एकमेकांना सापडतात आणि गुठळी होते. नुकसान आधीच झालेलं असतं, दिसतं मात्र परतीच्या वाटेवर. दोष अल्कलीला देऊ नका.

व्यवहारात आम्लाचा घाव बहुतेक वेळा पीएच जुळवताना बसतो. तीव्र आम्लाचा थेंब जिथे पडतो तिथे क्षणभर पीएच १ च्या आसपास असतो. ०.१ मोलर किंवा त्याहून सौम्य आम्ल वापरा, थेंब ढवळ्याजवळ सोडा आणि शक्य असेल तर पीएच प्रथिन घालण्याआधी बफरमध्येच जुळवा.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण "आम्ल वाईट" हा नियम पाठ झालेला असतो. पेप्सिन आम्लात आनंदाने चालतं आणि पीएच ७ च्या पुढे कायमचं मरतं. त्याच्यात ऋणभार घेऊ शकणाऱ्या अमिनो आम्लांची गर्दी आहे. आम्लात ती शांत असतात, उदासीन पीएचला सगळी भारित होऊन एकमेकांना ढकलतात. नियम आम्लाचा नाही, भारांच्या हिशोबाचा आहे.

तपासणी ४: तापमानाचा इतिहास

द्रावण कुठे कुठे गेलं ते आठवा: सोनिकेटरमध्ये बर्फ होता का, सेंट्रिफ्यूज आधी थंड केला होता का, वॉटर बाथ खरंच ३७ ला होता का. मग वेगळा तापमापक बुडवून खात्री करा. यंत्रावरचा आकडा पुरावा नाही. फेसही पाहा. जोरात हलवल्यावर होणारा फेस हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रथिन उलगडतो, तिथे उष्णता लागतच नाही.

उष्णतेने घडी मोडण्याचं कारण असं: तापमान वाढलं की साखळीला मिळणारं मोकळं फिरण्याचं बक्षीसही वाढतं. हायड्रोजन बंध आणि इतर कच्चे धागे हलतात, तुटतात, पुन्हा जुळतात. एका ठरावीक तापमानाला दोन्ही बाजू समान होतात आणि निम्मे रेणू उलगडलेले असतात. याला वितळण तापमान म्हणतात.

इथे एक चूक वारंवार होते. वितळण तापमान ५७ अंश आहे, मग ४७ ला ठेवायला हरकत काय? हिशोब करून पाहू. उलगडण्याची उष्णता ४०० किलोज्यूल प्रति मोल धरली, तर ५२ अंशांवर सुमारे १० टक्के आणि ४७ अंशांवर सुमारे १ टक्का रेणू कोणत्याही क्षणी उलगडलेले असतात. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण उलगडलेले रेणू एकमेकांत अडकून गुठळी झाले की ते हिशोबातून बाहेर जातात, आणि तोल राखायला आणखी एक टक्का उलगडतो. मग आणखी एक. वितळण तापमानाच्या दहा अंश खाली ठेवलेलं एन्झाइमही असं तासा-तासाने झिरपत जातं. म्हणून वितळण तापमान ही सुरक्षित मर्यादा समजू नका.

तपासायचं असेल तर पाच नळ्यांत प्रत्येकी ५० मायक्रोलिटर घ्या, २५, ३७, ४५, ५० आणि ५५ अंशांवर १० मिनिटं ठेवा, लगेच बर्फात घाला, फिरवा आणि वरच्या द्रावणाची क्रिया मोजा. क्रिया कोणत्या नळीपासून पडते ते दिसेल. मग तेच प्रथिन दहापट सौम्य करून पुन्हा करा. सौम्य द्रावणात नुकसान कमी झालं तर गुठळ्या हे मुख्य कारण आहे आणि प्रमाण कमी ठेवून उपाय होऊ शकतो. सौम्य द्रावणात उलट जास्त गेलं तर उपघटक सुटे होताहेत किंवा प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटतंय.

थंडी नेहमी सुरक्षित असते असंही नाही. तेलकट भागांची एकत्र राहण्याची ओढ थंडीत कमकुवत होते. माइटोकॉन्ड्रियातलं एफ१-एटीपेज बर्फावर ठेवलं की साखळ्या सुट्या होऊन निष्क्रिय होतं, खोलीच्या तापमानाला टिकतं. तुमचं एन्झाइम फ्रिजमध्येच मरत असेल तर हा प्रकार पडताळा.

तपासणी ५: जेल, रिड्यूसिंग घटकासह आणि त्याशिवाय

इथून खर्च आणि वेळ वाढतो. एकच नमुना दोन भागांत घ्या. एकात एसडीएस आणि डीटीटी, दुसऱ्यात फक्त एसडीएस. दोन्ही ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा आणि शेजारी-शेजारी चालवा, मध्ये एक रांग रिकामी सोडा, नाहीतर डीटीटी पसरून दुसरा नमुनाही बिघडवेल.

हे जेल फक्त प्राथमिक रचना आणि डायसल्फाइड पुलांबद्दल बोलतं. एसडीएसने बाकी सगळ्या पातळ्या तुम्हीच मोडलेल्या आहेत. म्हणून "जेलवर एकच सुंदर पट्टी आली, प्रथिन ठीक आहे" हे वाक्य चुकीचं आहे. पूर्ण मेलेलं प्रथिनही तशीच सुंदर पट्टी देतं.

वाचन असं करा. दोन्ही रांगांत पट्टी अपेक्षित वजनाला असेल तर साखळी शाबूत आहे. खाली छोट्या पट्ट्या दिसल्या तर साखळी कापली गेली आहे, आणि ते काम उष्णतेचं नव्हे, मिसळून राहिलेल्या प्रोटिएजचं. अवरोधक घाला. डीटीटी नसलेल्या रांगेत वर जड पट्ट्या आणि डीटीटीच्या रांगेत त्या गायब, तर चुकीचे डायसल्फाइड पूल तयार झालेत. पीएच ८ च्या पुढे सिस्टीनचा गट भारित आणि चपळ होतो, हवेतला ऑक्सिजन पूल बांधून देतो. १ ते ५ मिलिमोलर ताजं डीटीटी त्यावर उपाय आहे. पीएच ७ च्या खाली डीटीटी आळशी असतं, तिथे टीसीईपी वापरा. ज्या प्रथिनात नैसर्गिक डायसल्फाइड पूल आहेत, उदाहरणार्थ लायसोझाइम, त्यात मात्र हे दोन्ही घालू नका. तुम्ही स्वतःच आधाराचे खांब काढाल.

एक प्रकरण पूर्ण सोडवून

स्नायूचं लॅक्टेट डीहायड्रोजनेज घ्या, ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.०. छोट्या नळ्यांत वजा २० अंशांवर ठेवलंय. दर वितळवणीला क्रिया पडते, थोडा धुरकटपणा येतो. वितळल्यावर पीएच मोजला तर ७.० च. जेलवर ३५ किलोडाल्टनला एकच पट्टी, डीटीटी असो वा नसो. तापमान कधीच वाढलेलं नाही.

म्हणजे प्राथमिक पातळी शाबूत आहे, चुकीचे पूल नाहीत, उष्णता नाही. उरली घडी आणि चार साखळ्यांचं एकत्र राहणं. या एन्झाइमच्या सुट्या साखळ्या जवळपास निष्क्रिय असतात, त्यामुळे चतुर्थक रचना गेली तरी क्रिया जाते.

दोष पीएचमध्येच आहे, फक्त तो मोजायच्या वेळी तिथे नसतो. सोडियम फॉस्फेट बफर गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं. उरलेल्या, अजून न गोठलेल्या द्रवात आम्ल बाजूचा भागीदार उरतो आणि पीएच ४ च्या जवळपास घसरू शकतो. त्याच वेळी पाणी बर्फात गेल्यामुळे त्या द्रवात क्षार दाटतात. वितळलं की सगळं पुन्हा विरघळतं, मीटर ७.० दाखवतो. बिनघोर दिसणारा फ्रीजर आतून आम्लाची बादली असतो.

स्वस्त पुरावा हवा असेल तर एन्झाइमविना तेच बफर घ्या, त्यात युनिव्हर्सल इंडिकेटरचे काही थेंब टाका आणि गोठवा. गोठलेल्या नळीचा रंग बघा. शेजारी पोटॅशियम फॉस्फेटची नळी ठेवा. पोटॅशियमचे क्षार असे एकतर्फी बाहेर पडत नाहीत, म्हणून तिथे तशी घसरण होत नाही.

मग एन्झाइमच्या चार नळ्या लावा: सोडियम फॉस्फेट, पोटॅशियम फॉस्फेट, सोडियम फॉस्फेटमध्ये ५० टक्के ग्लिसरॉल, आणि नुसतं सोडियम फॉस्फेट पण ४ अंशांवर, न गोठवता. पहिल्या तीन वजा २० ला ठेवून तीनदा काढा-घाला करा. ग्लिसरॉलची नळी त्या तापमानाला द्रवच राहते. पहिलीच मेली आणि दुसरी जगली, तर आम्ल. पहिल्या दोन्ही मेल्या आणि तिसरी जगली, तर आम्लापेक्षा बर्फच कारण आहे: बर्फाचा पृष्ठभाग किंवा दाटलेले क्षार. चौथीही मेली, तर गोठवणं निर्दोष आहे, सिस्टीनचं ऑक्सिडीकरण किंवा प्रोटिएज शोधा. सौम्य द्रावणाला गोठणं जास्त बाधतं, कारण बर्फाच्या पृष्ठभागाला लागणाऱ्या रेणूंचा वाटा जास्त असतो, म्हणून ०.२ ऐवजी २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरला गोठवून पाहणंही फायद्याचं असतं.

माझं मत विचाराल तर या एन्झाइमला गोठवूच नये. अमोनियम सल्फेटमधला गाळ ४ अंशांवर ठेवा, लागेल तेवढा काढून बफरमध्ये विरघळवा. बाजारात ते याच रूपात मिळतं, त्यामागे कारण आहे.

तपासणी ६: उलगडून पुन्हा घडी घालून पाहणं

मेलेलं प्रथिन परत येतं का? तत्त्वतः येतं. ख्रिश्चन आन्फिन्सनने रायबोन्यूक्लिएज ए हे १२४ अमिनो आम्लांचं प्रथिन ८ मोलर युरियात उलगडलं, त्याचे चारही डायसल्फाइड पूल तोडले, मग युरिया आणि रिड्यूसिंग घटक काढून टाकले. क्रिया जवळपास पूर्ण परत आली. आठ सिस्टीनच्या जोड्या १०५ प्रकारे लावता येतात, तरी साखळीने योग्य तीच जोडणी निवडली. घडीची सगळी माहिती क्रमातच असते हे त्यातून दिसलं. १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं.

पण रायबोन्यूक्लिएज लहान आहे आणि फार सोशिक. उकळून थंड केलं तरी ते घडी परत घालतं. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन तसं नाही. ते उकडल्यावर उलगडतं, त्याच्यातले मोकळे सिस्टीन शेजारच्या साखळ्यांशी नवे पूल बांधतात, तेलकट भाग एकमेकांत गुंततात आणि घट्ट जाळं तयार होतं. थंड करून ते सुटत नाही. परत येणं अवघड होतं ते उलगडण्यामुळे नाही, उलगडलेल्या अवस्थेत शेजारी सापडल्यामुळे.

म्हणून पद्धत एकच: गाळ ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड आणि १० मिलिमोलर डीटीटीमध्ये तासभर ठेवा, मग थेंब-थेंब करत थंड बफरमध्ये ५० ते १०० पट सौम्य करा, म्हणजे प्रथिन ०.०१ ते ०.०५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत येईल, आणि ४ अंशांवर रात्रभर ठेवा. लॅक्टेट डीहायड्रोजनेज आम्लात सुटं करून पुन्हा उदासीन बफरमध्ये आणलं तरी परत जुळतं, पण दाट द्रावणात गुठळी जिंकते. चार साखळ्यांना एकमेकींना शोधायलाही वेळ लागतो, दहा मिनिटांत क्रिया मोजून निराश होऊ नका. नैसर्गिक पूल असलेल्या प्रथिनाला इथे ऑक्सिडीकृत आणि अऑक्सिडीकृत ग्लुटाथायोनची जोडी द्यावी लागते. युरिया वापरत असाल तर ताजा घ्या आणि तापवू नका; जुन्या युरियात सायनेट तयार होतं आणि ते लायसिनला कायमचं चिकटतं. हातमोजे घाला.

कुठे थांबायचं

तपासणी ६ दोनदा करून क्रिया १० टक्क्यांच्या वर आली नाही तर तो नमुना सोडा. त्यावर तिसरा आठवडा घालवण्यापेक्षा नवं प्रथिन बनवणं स्वस्त पडतं.

जेलवर पट्टी बरोबर आहे, गाळ नाही, पीएच आणि तापमान निर्दोष आहे आणि तरी क्रिया नाही, अशा वेळी घरच्या साधनांनी पुढे काही कळत नाही. संरचनात्मक जीवशास्त्राची सुविधा चालवणाऱ्यांकडे जा. सर्क्युलर डायक्रोइझममध्ये २०८ आणि २२२ नॅनोमीटरच्या खळग्यांवरून हेलिक्स शिल्लक आहे का ते कळेल, म्हणजे द्वितीयक पातळीचा निकाल. जेल फिल्ट्रेशनमध्ये १४० किलोडाल्टनचं शिखर आहे की ३५ चं, यावरून चतुर्थक पातळी. डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर वितळण तापमान देईल. मास स्पेक्ट्रोमेट्री ०.९८४ डाल्टनची वाढ पकडेल, म्हणजे अॅस्पॅराजिनचा अमाइड गट गळाला का ते समजेल. दीर्घकाळ उष्णता किंवा उच्च पीएच सोसलेल्या प्रथिनात हे घडतं आणि एसडीएस जेलवर ते सहसा दिसत नाही.

नमुना देताना सोबत रिकामं बफर तेवढ्याच प्रमाणात द्या, त्यात क्लोराइड कमी ठेवा आणि डीटीटी किती आहे ते लिहून कळवा. क्लोराइड आणि डीटीटी दोन्ही दूरच्या अतिनील प्रकाशात शोषण करतात आणि सर्क्युलर डायक्रोइझमचं वाचन बिघडवतात. आणि प्रथिन एखाद्या माणसाला टोचायचं औषध असेल तर यातली एकही तपासणी करू नका. गढूळ, कण दिसणारं किंवा चुकून गोठलेलं औषध वापरायचं नाही, औषधतज्ज्ञाला विचारून बदलून घ्यायचं.